तारीख तिसऱ्यांदा हलली, आता काय लिहू?

प्रश्न: नागपुरात माझा आणि माझ्या नवऱ्याचा एसी दुरुस्ती-सर्व्हिसिंगचा छोटा व्यवसाय आहे. दोन टेक्निशियन आहेत, नवराही कामावर जातो, फोन आणि व्हॉट्सॲप मी सांभाळते. एका मॅडमची सर्व्हिसिंगची तारीख आमच्याकडून तीनदा बदलली. पहिल्यांदा टेक्निशियनच्या घरी आजारपण होतं, दुसऱ्यांदा आधीच्या घरी गॅस लीक निघाला आणि तिथेच संध्याकाळ झाली, काल जेट पंप बंद पडला. तिन्ही कारणं खरी आहेत. आज सकाळी त्यांचा मेसेज आला: "तिसऱ्यांदा तारीख बदलली. आमच्या वेळेला काही किंमत आहे की नाही? सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांच्या खोलीतला एसी थंड करत नाही. मी दोनदा अर्धी रजा टाकली. आता काय ते लेखी कळवा." त्यांचे ५०० रुपये ॲडव्हान्स आमच्याकडे आहेत. मी सकाळपासून माफीचा मेसेज लिहिते आणि खोडते. त्या शांत होतील असं काय लिहू?

उत्तर: ताई, खोडत राहिलात ते बरंच झालं. "माफ करा, उद्या नक्की माणूस पाठवते" याच्यापलीकडे सांगायला तुमच्याकडे अजून काही नाही, म्हणून तो मेसेज जमत नाहीये. आणि हे वाक्य त्यांनी तुमच्याकडून आधी ऐकलेलं आहे. पहिल्या वेळी त्यांनी ते खरं मानलं, दुसऱ्या वेळी सांभाळून घेतलं. आता तेच वाक्य कितीही गोड करून पाठवलंत तरी त्यांना त्यात चौथी टोलवाटोलवीच दिसेल.

ग्राहकसेवेच्या अभ्यासात ही गोष्ट तपासून झालेली आहे. मॅक्सहॅम आणि नेटेमेयर या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी २००२ साली जर्नल ऑफ मार्केटिंगमध्ये एक अभ्यास छापला. एकदा चूक झाली आणि ती उत्तम रीतीने निस्तरली, तर ग्राहक कधी कधी आधीपेक्षाही खूश होतो, हे त्यांना दिसलं. पण चूक दुसऱ्यांदा झाली की ही जादू चालत नाही, मग कितीही चांगलं निस्तरा. तुम्ही तर तिसऱ्यावर आहात. त्यामुळे मॅडमना खूश करायचं मनातून काढून टाका. त्यांना शांत करणं मात्र अजून जमण्यासारखं आहे, आणि ते पक्क्या तारखेने जमेल. आधी तारीख पक्की करा, शब्द मग शोधू.

पण त्याला दोन-तीन तास लागतील आणि तेवढा वेळ त्यांचा मेसेज नुसता निळ्या खुणा दाखवत पडून राहणं वाईट. म्हणून आत्ता, हे वाचून झाल्याबरोबर, एवढंच पाठवा:

> मॅडम, तुमचा मेसेज वाचला. तुमचा राग रास्त आहे. घाईने आणखी एक तारीख सांगत नाही. सगळं नीट तपासून आज दुपारी ४ वाजता मी स्वतः फोन करते, आणि बोलणं झाल्यावर ते लेखीही पाठवते. ४ ची वेळ सोयीची नसेल तर तुमची वेळ सांगा.

यात कारण नाही, वचन एकच आहे, आणि ते पूर्णपणे तुमच्या हातातलं आहे. चारला म्हणजे चारलाच फोन करा. सव्वाचारला केलात तर त्यांच्या हिशेबात ती चौथी वेळ धरली जाईल.

आता चार वाजेपर्यंत डायरी उघडून बसा. तुम्ही तीन वेगवेगळी कारणं लिहिलीत आणि ती खरी आहेत याबद्दल मला शंका नाही. पण एप्रिल-मेमध्ये एसीच्या धंद्यात माणूस आजारी पडणं, एखाद्या घरी लीक निघणं, पंप बंद पडणं हे आठवड्यात एकदा तरी होतंच. कित्येक वर्षं सर्व्हिसच्या फोनवर बसून मी हेच पाहिलंय. खरं कारण बहुतेक तुमच्या डायरीत आहे. एका माणसाला दिवसाला सहा कामं, प्रत्येकी पाऊण तास, असं लिहिलेलं असेल. साधं सर्व्हिसिंग पाऊण-एक तासात होतंही. पण मधल्या एका घरी गॅस लीक निघाला की तिथे तीन तास जातात, आणि मनीषनगरहून जरीपटक्याला जायचा वेळ डायरीत कुठेच धरलेला नसतो. मग दुपारनंतरचं जे नाव असतं ते दुसऱ्या दिवशी ढकललं जातं. या मॅडमचं नाव दोन्ही-तिन्ही वेळा दुपारनंतर होतं का, एवढं बघा. मला वाटतं तसंच असेल, कारण अर्धी रजा टाकणारा माणूस बहुधा दुपारचीच वेळ मागतो.

म्हणून यावेळी त्यांना दिवसातलं पहिलं काम द्या. सकाळी पहिल्या कामाच्या आधी कुठलंच काम नसतं, त्यामुळे आधीचं लांबलं म्हणून ते लांबत नाही. हा एवढा एक बदल तुमच्या दुसऱ्या कारणाचा निकाल लावतो. पहिल्या कारणावर उपाय म्हणजे नवऱ्याने स्वतः जायचं. टेक्निशियनवर भरवसा नाही म्हणून नव्हे, पण मालक स्वतः येतोय या गोष्टीला आज किंमत आहे आणि त्याला रजा मागायची सोय नाही. तिसऱ्यासाठी पंप दुरुस्त झाला आहे का, हे नवऱ्याला नुसतं विचारू नका. आदल्या संध्याकाळी बादलीत नळी सोडून पाच मिनिटं चालवून बघायला लावा, प्रेशर धरतोय का ते. धरत नसेल तर ओळखीच्या माणसाकडून त्याच रात्री दुसरा आणून ठेवा. सकाळी साडेआठला पंप शोधायला निघालात तर सगळं मुसळ केरात.

पहिली वेळ आधीच कुणाला दिलेली असेल. त्या ग्राहकाला परस्पर मागे ढकलू नका, नाहीतर महिनाभराने मला दुसऱ्या मॅडमबद्दल पत्र लिहाल. त्यापेक्षा दिवस तासभर लवकर सुरू करा. मॅडमकडे आठला, पुढच्या घरी ठरल्याप्रमाणे. नागपूरच्या उन्हात गच्चीवरच्या आउटडोअर युनिटला दहा-अकरानंतर हात लावणं तसंही जिवावर येतं, त्यामुळे नवरा कुरकुरणार नाही. आणि तारीख उद्याचीच हवी असा आग्रह धरू नका. परवाची पक्की तारीख उद्याच्या डळमळीत तारखेपेक्षा कितीतरी बरी.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली तिच्याकडे येते. तुम्ही काम "सर्व्हिसिंग" म्हणून लिहून घेतलंय. मॅडमचा मेसेज परत वाचा: एसी थंड करत नाही, असं त्या म्हणतात. ही दोन वेगळी कामं असू शकतात. फिल्टर आणि कॉइल धुळीने भरली असेल तर जेट पंपाने धुतल्यावर एसी थंड करायला लागेल. पण गॅस कमी झाला असेल, किंवा आउटडोअरचा कपॅसिटर गेला असेल, तर धुऊन काहीच होणार नाही. मग तुमचा माणूस पाऊण तास धुऊन म्हणेल, "मॅडम, गॅस नाहीये यात, सिलिंडर आणलेला नाही, उद्या येतो." तुमच्या दृष्टीने काम नव्याने निघालं, त्यांच्या दृष्टीने तारीख चौथ्यांदा हलली. हे होऊ द्यायचं नसेल तर चारच्या फोनवर चार प्रश्न विचारा.

आत भिंतीवरच्या युनिटमधून हवा नेहमीसारखी जोरात येते का, की कमी येते? कमी येत असेल तर बहुतेक फिल्टर-कॉइल चोंदली आहे. तांब्याच्या नळीवर किंवा कॉइलवर बर्फ धरतो का? धरत असेल तर एकतर हवा अडलीय किंवा गॅस कमी आहे. दोन्हीसाठी तयारी करून जावं लागेल, आणि तोवर त्यांना एसी बंद ठेवायला सांगा. बर्फ धरलेला एसी चालवत राहणं कॉम्प्रेसरला मानवत नाही. बाहेरचं युनिट सुरू होतं का, की नुसतं गुणगुणून बंद होतं? हे खिडकीतून किंवा गच्चीतून ऐकू येत असेल तरच सांगा म्हणावं, त्यासाठी कुणी कठड्यावर वाकायचं नाही. गुणगुणून बंद होत असेल तर कपॅसिटरचा संशय घ्या आणि तो बरोबर न्या. चौथा प्रश्न म्हणजे युनिटच्या बाजूच्या स्टिकरचा फोटो मागा. त्यावर गॅस कुठला आहे ते असतं, `R32`, `R410A` किंवा जुन्या मशीनला `R22`. कंपनीने किती गॅस भरला होता ते वजनही बहुतेक स्टिकरवर असतं. एवढं कळलं की नवरा योग्य सिलिंडर, वजनकाटा, नायट्रोजन आणि व्हॅक्यूम पंप घेऊनच निघेल, आणि तुम्हाला मॅडमना खरा वेळ सांगता येईल: नुसतं धुवायचं असेल तर तासभर, लीक निघाला तर अडीच-तीन तास.

एक मर्यादा मात्र आधीच सांगून टाका. लीक नळीच्या जोडावर असेल तर तिथल्या तिथे बंद होतो. कॉइललाच भोक असेल तर ती काढून दुकानात आणावी लागते किंवा बदलावी लागते, आणि ते एका फेरीत होत नाही. ही गोष्ट त्यांनी आज तुमच्या तोंडून ऐकलेली असली, तर त्या दिवशी ती निघाल्यावर त्यांना फसवल्यासारखं वाटणार नाही. खरं सांगितलं तर आणखी चिडतील, अशी भीती तुम्हाला वाटेल. माणूस चिडतो तो ऐन वेळी कळल्यावर.

फोन कसा सुरू करायचा ते सांगते. "हॅलो मॅडम, मी बोलतेय, चारला करते म्हटलं होतं," एवढं म्हणा आणि मग त्यांना बोलू द्या. त्या दोन मिनिटं बोलतील, कदाचित पाच. मध्ये "हो, पण" घालू नका. त्या थांबल्या की त्यांना झालेला त्रास त्यांच्याच तपशिलात सांगा: "तुमच्या दोन अर्ध्या रजा आमच्यामुळे गेल्या, आणि आजी या उन्हात तशाच राहिल्या. हे आमच्याकडून झालंय." "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं म्हणू नका. ते रेल्वेच्या फलाटावर ऐकायची माणसाला सवय आहे, मनाला ते लागत नाही. रजा आणि आजी या दोन गोष्टी तुम्ही उच्चारल्यात म्हणजे तुम्ही त्यांचा मेसेज खरंच वाचला, हे त्यांना कळतं.

कारण एका वाक्यात सांगा आणि तेही त्यांनी विचारलं तर. "आम्ही दिवसात जास्त कामं लावत होतो, त्यात तुमचं काम तीनदा मागे पडलं," हे सांगण्याने तुमची इज्जत जात नाही. उलट आजारपण, लीक, पंप अशी यादी वाचलीत तर ऐकणाऱ्याला वाटतं, हिच्याकडे पुढच्या वेळेसाठी चौथं कारणही तयार असेल. "सीझन आहे हो मॅडम, सगळीकडे असंच आहे," हे तर चुकूनही नको. सीझन आहे हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून तर त्यांनी आधी नंबर लावून ॲडव्हान्स दिला. "समजून घ्या" हेही टाळा. दोन वेळा त्यांनी समजूनच घेतलं होतं.

मग आजींबद्दल विचारा. त्या आत्ता कुठे झोपतात, खोलीत कूलर आहे का? नागपुरात बहुतेक घरांत असतोच, पण नसेल आणि तुमच्या दुकानात एखादा चालू स्थितीतला असेल तर तो आज संध्याकाळी दोन दिवसांसाठी पोचवा. मला तर हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ७८ वर्षांच्या माणसाला नागपुरी उकाडा बाधू शकतो, आणि तुमच्या तीन तारखांचा खरा भार मॅडमच्या रजेपेक्षा त्या खोलीवर पडलाय. कूलर देता येत नसेल तर निदान एक करा: एसीतून अजून थोडी तरी हवा येत असेल आणि बर्फ धरत नसेल, तर मेन स्विच बंद करून पुढची जाळी उघडून फिल्टर कसा काढायचा ते फोनवर सांगा. साध्या पाण्याखाली धुवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा आणि परत बसवायचा. कधी कधी तेवढ्याने दोन दिवस निभावतात. मात्र "आम्ही येईपर्यंत तुम्हीच करून घ्या" असा सूर लागता कामा नये. आधी विचारा: "घरात कुणी करण्यासारखं असेल तर सांगू का?"

आता पैशाचं. पुढच्या सर्व्हिसिंगला दहा टक्के सूट देऊ का, असं तुमच्या मनात येईल. नका देऊ. ज्या माणसाचा तुमच्यावरचा विश्वास उडालाय त्याला "पुढच्या वेळी" म्हणणं म्हणजे आणखी एकदा विश्वास ठेव म्हणणं. त्याऐवजी त्यांचे ५०० रुपये आजच, फोन ठेवल्याबरोबर, ज्या खात्यातून आले त्यावर परत करा. काम झाल्यावर बिल द्या आणि त्यातून व्हिजिट चार्ज वगळा. ॲडव्हान्स परत केल्याने त्या दुसऱ्याकडे जातील अशी भीती वाटेल. जाऊ शकतात. पण आत्ता त्यांच्या रागात मोठा वाटा या अडकल्याच्या भावनेचा आहे: पैसे देऊन बसलोय आणि माणूस येत नाही. पैसे परत गेले की त्या मोकळ्या होतात, आणि मोकळा माणूस शांतपणे ठरवतो. शिवाय पैसे परत आले म्हणजे तुम्ही शब्द पाळायला सुरुवात केली, हे त्यांना तारखेच्या आधीच दिसतं.

फुकट सर्व्हिसिंग करून द्यायचा मोह होईल, तोही आवरा. तुम्हाला ते परवडणार नाही आणि त्यांनाही उपकार नको आहेत. त्यांना थंड खोली हवी आहे.

त्यांनी "लेखी कळवा" म्हटलंय, त्याने तुम्ही धास्तावल्या असाल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेत त्रुटी असेल तर ग्राहक तक्रार करू शकतो, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर तर कुणीही फिरवू शकतं. पण म्हणून वकिली भाषेत जपून-जपून लिहू नका. लिहिलेलं स्पष्ट असेल आणि त्याप्रमाणे वागलात, तर तो कागद उद्या तुमच्याच कामी येईल. फोननंतर साधारण असं लिहा, आणि बोलताना जे ठरेल त्याप्रमाणे बदला:

> नमस्कार मॅडम. आत्ता फोनवर बोललो ते लेखी पाठवते.
>
> तुमची तारीख आमच्याकडून तीन वेळा बदलली. तुमच्या दोन अर्ध्या रजा गेल्या आणि आजींना उन्हाळ्यात एसीशिवाय राहावं लागलं. दिवसात जास्त कामं लावल्यामुळे हे झालं, त्यात तुमची काही चूक नाही. मी मनापासून माफी मागते.
>
> गुरुवारी सकाळी ८ वाजता माझे मिस्टर स्वतः येतील. दिवसातलं पहिलं काम तुमचंच आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोप्रमाणे R32 गॅस आणि लीक तपासायचं सामान बरोबर असेल. नुसतं धुवायचं असेल तर एक तास लागेल, लीक निघाला तर तीन तासांपर्यंत. लीक कॉइलमध्येच निघाला तर ती दुकानात आणावी लागेल. तसं झालं तर किती दिवस आणि किती खर्च, हे तिथेच लिहून देऊ आणि तुम्ही हो म्हटल्यावरच पुढे जाऊ.
>
> ॲडव्हान्सचे ५०० रुपये परत पाठवले आहेत, मिळाले का बघा. बिल काम झाल्यावर, व्हिजिट चार्ज लावणार नाही.
>
> बुधवारी रात्री ८ वाजता मी मेसेज करेन आणि गुरुवारी ते निघाले की फोन करेन. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून काम करून घ्यायचं असेल तर मनात काही न ठेवता सांगा. आमच्या ओळखीच्या चांगल्या टेक्निशियनचा नंबर देते.

हा मेसेज लांब वाटेल. साध्या चौकशीला मी कधीच इतकं लांब लिहू देणार नाही. पण इथे समोरच्याने लेखी मागितलंय आणि प्रत्येक ओळीत त्यांच्या एका प्रश्नाचं उत्तर आहे: कोण येणार, कधी, किती वेळ, किती पैसे, आणि नाहीच जमलं तर काय. "नक्की", "शंभर टक्के", "गॅरंटी" हे शब्द यात मुद्दाम घातलेले नाहीत. ते कच्च्या तारखेला टेकू म्हणून लावतात. हात जोडलेली चित्रंही नकोत.

शेवटची ओळ लिहायला जिवावर येईल. तरी ती ठेवा, आणि नंबर आधी खरंच काढून ठेवा, त्या टेक्निशियनला "येऊ शकशील का" असं विचारून. त्या हो म्हणाल्या तर लगेच पाठवता आला पाहिजे. त्या आजींना गुरुवारपर्यंत थांबणं शक्य नसेल, तर आज संध्याकाळी दुसरा कुणी जाऊन एसी सुरू करून देणं हाच सर्वांत चांगला निकाल आहे.

त्या शांत झाल्या की नाही, हे त्यांच्या उत्तरावरून कळेल. "ठीक आहे" इतकंच आलं, तर अजून विश्वास बसलेला नाही. त्यावर आणखी समजावत बसू नका, बुधवारचा मेसेज वेळेवर जाऊ दे. "गाडी लावायला जागा आहे, गेटवर माझं नाव सांगा" असं काही कामाचं आलं, तर त्यांनी तारीख मनात धरली असं समजा. आणि परत रागाचा मेसेज आला, तर लिहून उत्तर देऊ नका, फोन करा. लेखी भांडणात दोन्हीकडचं प्रत्येक वाक्य परत परत वाचलं जातं आणि दर वेळी ते थोडं जास्त कडू लागतं.

बुधवारी रात्रीचा मेसेज दोन ओळींचा: सामान गाडीत भरलंय, सकाळी साडेसातला निघतील. हा मेसेज पाठवायच्या आधी सामान खरंच भरलंय का ते जाऊन बघा. गुरुवारी साडेसातला फोन. वाटेत पंक्चर झालं, अगदी दहा मिनिटं उशीर होणार असेल, तर आठ वाजायच्या आत कळवा. आठ वाजून गेल्यावर कळवलेला उशीर त्यांच्या खात्यात वेगळाच मांडला जातो.

आणि या सगळ्यानंतरही गुरुवारी जमणार नाही अशी वेळ आली तर? घरात काही घडू शकतं. तेव्हा पाचवी तारीख देऊ नका. त्याच क्षणी त्या ओळखीच्या टेक्निशियनला तुमच्या खर्चाने पाठवा आणि मॅडमना त्याचं नाव सांगून फोन करा.

डायरीबद्दल थोडं, कारण याच आठवड्यात तुमच्या पुढच्या मॅडम तयार होत असतील. बुकिंग घेताना "सर्व्हिसिंग आहे की थंड करत नाही?" हा एक प्रश्न विचारायची सवय लावा आणि दुसऱ्या प्रकारच्या कामाला डायरीत तीन तास धरा, तास नव्हे. दर माणशी दुपारची एक जागा रिकामी सोडा. सीझनमध्ये ते नुकसान वाटेल, पण ती जागा रिकामी राहत नाही, सकाळी लांबलेलं काम तिथे जाऊन बसतं. आणि ज्यांची तारीख एकदा हलली त्यांच्या नावापुढे लाल खूण करा. लाल खुणेचं नाव दुसऱ्या दिवशी सकाळचं पहिलं काम, आणि ते परत हलवायचं असेल तर नवऱ्याला विचारल्याशिवाय हलवायचं नाही. या मॅडमच्या नावापुढे ही खूण पहिल्याच दिवशी झाली असती तर दुसरं आणि तिसरं कारण त्यांच्यापर्यंत पोचलंच नसतं.

काम झाल्यावर रेटिंग मागू नका, "आता तरी खूश ना?" असंही विचारू नका. बिलावर काय केलं ते नीट लिहा: काय धुतलं, लीक कुठे होता, किती ग्रॅम गॅस भरला. गॅस भरला असेल तर आठवडाभराने फोन करून एवढंच विचारा की खोली पहिल्या दिवशीसारखीच गार होतेय का. लीक नीट बंद झाला नसेल तर बहुतेक तोवर जाणवायला लागतं, आणि त्यासाठी मॅडमनी तुम्हाला फोन करायची वेळ येऊ नये.